मधली मोकळी जागा

आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंना मुलं ‘बारीकडोळे बाई’ म्हणायची, कारण काहीही दाखवलं की त्या म्हणत, “आधी डोळे बारीक करा.” डोळे किलकिले केले की बारीकसारीक तपशील पुसट होतात, फक्त गडद-फिकट आकार उरतात, असं त्यांचं म्हणणं. बाई मला आवडायच्या. आणि तपासणीच्या दिवसापासून त्यांची आठवण आली की मला शिसारी येते. त्यांची, स्वतःची, सगळ्यांचीच.

मी गणित शिकवायचो. तपासणीला येणाऱ्या साहेबांचा शेरा चांगला आला नाही, तर चित्रकलेचे तास गणिताला मिळणार, हे मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. सत्तावीस वर्षं त्या तासांवर जगलेल्या चित्रकलेच्या बाई त्या बैठकीत खाली मान घालून बसल्या होत्या.

सहावीच्या वर्गाला त्यांनी शेवटच्या भोजनाचं ते जगप्रसिद्ध चित्र दिलं होतं, लांब टेबलाशी तेरा माणसं बसलेली. चेहरे काढायचे नाहीत, पेन्सिल लावायची नाही. रंगीत कागद कापून तीच रचना उभी करायची. भिंतींना गडद कागद, टेबलाला पांढरी पट्टी, दोन्ही बाजूंना तिघातिघांचे दोन दोन घोळके, मधे एकट्या माणसाचा एकच त्रिकोण, त्याच्या मागे खिडकीचा उजळ चौकोन. गोंद मात्र लगेच नाही. तुकडे सुटेच ठेवायचे, सरकवून बघायचे. डावीकडचा एक घोळका मधे ढकलला की डावी बाजू हलकी पडते, हे मुलांना हातानंच कळायचं.

“या मधल्या माणसाच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी का ठेवलीय?” बाई विचारायच्या.

एक दोन वेण्यांची मुलगी होती, वर्गात कधी तोंड न उघडणारी. ती म्हणाली, “बाकीचे खेटून बसलेत, बाई. तो एकटाच सुटा आहे. म्हणून नजर आपोआप तिथंच जाते.”

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तेव्हा खडू मागायला गेलो होतो, म्हणून पाहिलं.

तपासणीच्या दिवशी मधल्या सुट्टीत मोठ्या बाई मला घेऊन त्या वर्गात गेल्या. बाकांवर बत्तीस चित्रं, सगळे तुकडे सुटे. त्यांनी नाक मुरडलं. “हे काय? निम्मं रिकामं! आळशीपणा वाटेल. चिकटवून टाका, आणि मधल्या भोकांत काहीतरी भरा.” त्यांनी चकचकीत गुलाबी फुलांची पाकिटं माझ्या हातात कोंबली.

मी भरली. नाही म्हणायला तोंड होतं, पण उघडलं नाही. बत्तीस चित्रांत, मधल्या माणसाच्या दोन्ही बाजूंना, चौसष्ट फुलं. गोंदाचा आंबूस वास बोटांना, चमकी नखांत. घाण वाटत होती आणि हात चालूच होते. शेवटची चार राहिली तेव्हा बाई आल्या. दारातच थांबल्या. मग येऊन गोंदाच्या बाटलीचं झाकण लावायला लागल्या.

साहेब आले, खूश झाले. “वा, किती भरगच्च! मुलांनी केलंय?”

“मुलांनीच,” मोठ्या बाई म्हणाल्या.

साहेब वेण्यांच्या मुलीपाशी वाकले. “काय शिकलीस बेटा?”

तिनं उभं राहून डोळे बारीक केले. बराच वेळ पाहिलं. “हे माझं नाही. फुलं आम्ही लावली नव्हती. आता तो मधला माणूस दिसतच नाही, फुलंच दिसतात.”

साहेबांनी हसून बाईंकडे पाहिलं. “काय हो बाई, खरं का?”

मला वाटलं, आता बोलतील. मी मनात अक्षरशः विनवत होतो, म्हणा, फुलं या गाढवानं लावली. मी स्वतः बोललो असतो तरी चाललं असतं.

“विसरते ती,” बाई म्हणाल्या. “फुलं मीच लावायला सांगितली होती. चित्र भरलेलं असावं, नाही का?”

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. मग खाली बसली. साहेबांनी लिहिलं, ‘उत्तम’. तास वाचले. मोठ्या बाईंनी सगळ्यांना चहा पाजला आणि मी तो प्यायलोही.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा त्या वर्गात गेलो, वही परत करायला. बाई नवं चित्र फळ्याला लावत होत्या, नेहमीसारख्या उत्साहात. कागद वाटून झाले. वेण्यांच्या मुलीनं कात्री उचलली नाही, हात वर केला.

“बाई, हे साहेबांना दाखवायचंय का? म्हणजे त्यांना आवडेल तसं करते.”

बाई फळ्याकडे वळून चित्राचा कोपरा पुन्हा दाबून बसवू लागल्या. मी वही टेबलावर ठेवली आणि निघालो.