तासाला बावीस पानं

कोलशेतच्या कारखान्यात दादाच्या डोळ्यांत काहीतरी उडालं, त्याला आता चार वर्षं झाली. दोन्ही डोळे वाचले. पण डॉक्टरांनी दोन महिने वाचायची सक्त मनाई केली, आणि कायद्याच्या शेवटच्या परीक्षेला बरोबर छप्पन्न दिवस उरले होते.

ही त्याची दुसरी खेप. पहिल्या खेपेला कारखान्याची पाळी सांभाळून अभ्यास केला आणि नापास झाला. या वेळी ठाण्याच्या कोर्टातल्या एका वकिलांनी शब्द दिला होता की, पास झालास तर माझ्याकडे ये, टेबल देतो. पण थांबेन ते याच परीक्षेपर्यंत, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. वडील गेल्यापासून घरातलं सगळं बोलणं शेवटी या टेबलापाशी येऊन थांबायचं.

मी मॅट्रिक होऊन घरीच होते. शाळा इंग्रजी माध्यमाची. वर्गात सहसा माझा आवाज फुटत नसे, पण मोठ्याने वाचायला उभं केलं की फुटे. शिक्षिका हातात घड्याळ घेऊन ऐकायच्या, आणि न अडखळता जी पुढे जाईल तिला बक्षीस. दोन वर्षं ते मला मिळालं होतं. त्यामुळे दादाची पुस्तकं मी वाचून दाखवायची हे आईनेच ठरवलं.

पुस्तकं चार. पानं मोजली तर अकराशे वीस भरली. वडिलांचं खिशातलं घड्याळ समोर ठेवून मी तासभर मोठ्याने वाचलं. बावीस पानं झाली. रोज दोन तास धरले तर चव्वेचाळीस. मी शहाणपणाने चाळीसच धरली. म्हणजे अठ्ठावीस दिवसांत सगळं वाचून व्हायचं आणि पुढचे अठ्ठावीस दिवस उजळणीला. वहीत तक्ता आखून तो मी दादाला वाचून दाखवला.

"वा बाईसाहेब," डोळ्यांवर पट्टी बांधलेला दादा म्हणाला, "तुम्हालाच वकील करायला हवं होतं."

"पोरगी वाचते की आगगाडी सोडते?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण तिचा आवाज खूश होता.

सकाळी आठला मी बसायची. दादा भिंतीला टेकून, तोंड वर करून ऐकायचा. करार झाले, पुरावा झाला. चाळीस पानं झाली की तक्त्यात त्या दिवसाच्या चौकोनावर फुली. मी कुठे थांबले नाही. तोही कधी थांब म्हणाला नाही. एकदा फक्त म्हणाला, "ते वाक्य पुन्हा वाच." मी वाचलं. त्यानंतर त्याने तसं कधी सांगितलं नाही. मला वाटलं, चांगलं चाललंय.

वीस फुल्या झाल्या, आठशे पानं. एकविसाव्या दिवशी माझा घसा बसला होता, म्हणून मी म्हटलं, आज वाचत नाही, तू मला सांग. कराराच्या पुस्तकातलं सोपं म्हणून विचारलं, देकार, म्हणजे कराराचा प्रस्ताव, कधीपर्यंत मागे घेता येतो?

त्याने डोळ्यांवरची पट्टी चाचपली. मग म्हणाला, "दुसरं विचार."

दुसरं विचारलं. तिसरं विचारलं. तिसऱ्याला त्याने पहिल्या वर्षी वर्गात ऐकलेलं काहीतरी सांगितलं. आम्ही वाचलेल्या पानांतलं त्यात काही नव्हतं. वाटाणे सोलणारी आई थांबली.

"दादा, तू ऐकत नव्हतास?"

"ऐकत होतो गं. पहिलं पान डोक्यात बसेपर्यंत तू चौथ्यावर असायचीस."

"मग सांगायचंस ना!"

"काय सांगणार? माझी धाकटी बहीण वाचते ते मला कळत नाही, असं?" तो हसला, पण वाईट हसला. "मला वाटलं, पुढे जमेल. आणि तुझा तक्ता इतका नीट चालला होता."

मी उठून मोरीत गेले आणि उगाचच तोंड धुतलं. मोजायचा होता त्याचा वेग, मी मोजला माझा. तोही नुसता तोंडाचा. शाळेत घड्याळ लावून जे मोजत त्यालाच मी वाचणं समजत होते.

दुपारी पुन्हा घड्याळ काढलं. या वेळी एक पान वाचायचं, पुस्तक मिटायचं, दादाने ते आपल्या शब्दांत सांगायचं, मी दोन ओळी वहीत लिहायच्या आणि मगच पुढचं पान. पहिल्या तासाला पुराव्याची नऊ पानं झाली. मला हायसं वाटलं. पण एकाच पुस्तकावर विसंबायची हिंमत आता नव्हती, म्हणून दुसऱ्या दिवशी आणखी दोन पुस्तकं घेतली. मालमत्ता हस्तांतराची पाचच झाली, कराराची सात. सरासरी सात.

दिवसाला तीन तासांपलीकडे त्याचं डोकं दुखायला लागे. म्हणजे रोज एकवीस पानं. उरलेल्या दिवसांतले शेवटचे आठ उजळणीला सोडले, तर हातात सत्तावीस राहत होते. सत्तावीस गुणिले एकवीस, पाचशे सदुसष्ट. अकराशे वीसमधली निम्मीच.

"निम्मी सोडायची," मी म्हटलं. मोठ्याने म्हणायला बराच वेळ लागला.

"म्हणजे कायदा शिकायचा निम्मा आणि पक्षकाराला सांगायचं, बाबा रे, तुझा खटला दुसऱ्या निम्म्यात येतो." दादा स्वतःच्याच विनोदावर हसला नाही. "वाच अनुक्रमणिका."

प्रत्येक पुस्तकातली प्रकरणं मी वाचत गेले, तो ठेव किंवा सोड म्हणत गेला. मालमत्तेतलं गहाणाचं प्रकरण एकशे तीस पानांचं होतं. तिथे तो थांबला. "तासाला पाच ना? म्हणजे यातच नऊ दिवस जाणार. सोड." मी त्यावर पेन्सिलीने रेघ मारली.

पुढचे दिवस चांगले गेले, असं मी म्हणू शकते. तो बोलायचा, अडायचा, माझ्यावर ओरडायचा. "थांब!" हा शब्द दिवसातून चाळीस वेळा यायचा. वाचलेलं त्याला खरोखर येत होतं. पण हिशोब मांडायची सवय मला सुटली नव्हती. ते वीस दिवस याच वेगाने गेले असते, तर चारशे वीस पानं झाली असती. गहाण त्यात सहज बसलं असतं. हे मी कुणाला सांगितलं नाही.

परीक्षेच्या आठवडाभर आधी त्याची पट्टी निघाली. मालमत्तेच्या पेपराहून आला तो सरळ पाटावर बसला आणि आईला म्हणाला, "वाढ." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "दोन प्रश्न गहाणावर."

निकालात बाकीचे पेपर निघाले, तो एक राहिला.

वकिलांना सांगायला तो एकटा जाणार होता. आईने मला बरोबर धाडलं. कोर्टामागच्या त्या खोलीत मी दारातच उभी राहिले. वकिलांनी ऐकून घेतलं आणि "थोडक्यात गेलं हो," म्हणाले. ते मनापासून म्हणाले, असं मला वाटलं. खिडकीपाशी एक नवा तरुण उभ्या उभ्याच कागदांना दोरा बांधत होता. त्यांनी त्याला सांगितलं, "आता ते टेबल घ्या तुम्ही."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "दादा, माझ्यामुळे."

तो चालत राहिला. नाही, असं म्हणाला नाही. रस्ता ओलांडताना त्याने माझा दंड धरला, पलीकडे गेल्यावर सोडला. "चल," म्हणाला, "दोनची पाळी आहे."