नाथाजींचं लॅमिनेशन

उंब्रजच्या नाथाजींनी फौजेतून दोन गोष्टी घरी आणल्या: पहाटे उठायची सवय आणि कागदांवरची माया. घरात कागद आला की ते त्याचं लॅमिनेशन करून आणत. रेशनकार्ड झालं, सातबारा झाला, नातीचं प्रगतिपुस्तक झालं. पाहुण्यांतल्या एका मोडलेल्या लग्नाची पत्रिकाही त्यांच्या ट्रंकेत अजून चकचकीत आहे.

घेतल्याच्या चौथ्या उन्हाळ्यात फ्रिज गार व्हायचा थांबला. दूध नासलं. "नवा घ्यायचा का काय आता?" बायको शालूबाई म्हणाल्या. नव्याची ऐपत नव्हती. शेजारचा आकाराम, जो पंख्यापासून मिक्सरपर्यंत सगळं खोलतो, स्क्रू-ड्रायव्हर घेऊन हजर झाला.

"थांब रं. आधी कार्ड," नाथाजी म्हणाले. चष्मा लावून त्यांनी वॉरंटी कार्ड मोठ्यानं वाचलं. "अख्ख्या फ्रिजला एक वर्ष, ते गेलं. कॉम्प्रेसरला धा, ते हाय. गॅस, मजुरी आपली. बल्ब, काच, प्लास्टिक यात न्हाई. कंपनीबाहेरच्या मानसानं खोललं तर कायबी मिळनार न्हाई."

"मग च्या तरी मी पिऊ का, का त्योबी कंपनीचाच मानूस पिनार?" आकारामानं स्क्रू-ड्रायव्हर खिशात घातला.

कार्डावरच्या नंबरला फोन लावून, फ्रिजच्या आतल्या स्टिकरवरचा सिरियल नंबर सांगून तक्रार नोंदवली. कराडहून कंपनीचा मेकॅनिक वीरधवल आला. कॉम्प्रेसरच गेला होता. त्यानं खरेदीचं बिल मागितलं.

नाथाजींनी ट्रंकेतून अभिमानानं काढलं. गुळगुळीत, प्लास्टिकबंद आणि पूर्ण काळं. दुकानातल्या मशिनमधून निघणारा तो कागद लॅमिनेशनच्या उष्णतेनं काळा पडतो, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

"काका, ह्ये बिल हाय का तवा?"

"बिलच. पान्यात टाकलं तरी काय होनार न्हाई त्याला."

"आता आनि काय व्हायचं ऱ्हायलंय?" शालूबाई म्हणाल्या.

कार्डावर दुकानदाराच्या शिक्क्याची चौकट रिकामी होती, आणि कार्डही प्लास्टिकमध्ये, म्हणजे आता शिक्काही मारता येईना. वीरधवल म्हणाला, "खरेदीची तारीख दाखवल्याशिवाय क्लेम पास होत न्हाई."

नाथाजी कार्ड पुन्हा वाचू लागले. पार तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत ओळ होती: मूळ बिल नसल्यास विक्रेत्याने सही-शिक्क्यासह दिलेली बिलाची प्रत ग्राह्य. ते तडक दुकानात गेले. दुकानदारानं मोबाईल नंबरावरून कॉम्प्युटरवर बिल शोधलं आणि साध्या कागदावर छापून शिक्का मारून दिलं. वीरधवलनं सिरियल नंबर जुळवून फोटो कंपनीला पाठवला. चार-पाच दिवसांत नवा कॉम्प्रेसर बसला. गॅस आणि मजुरी नाथाजींनी भरली.

संध्याकाळी ते ट्रंक उघडून बसले. "ती बिलाची प्रत कुठं हाय गं?"

"हाय."

"अगं पन कुठं?"

"कॉम्प्रेसरची वॉरंटी संपली की सांगते," शालूबाईंनी फ्रिजमध्ये दूध ठेवत सांगितलं.