यूपीएसची कुंई आणि माझं विज्ञान

तीस वर्षं मी गेवराई तालुक्यात शाळेत विज्ञान शिकवलं. 'विद्युत' हा धडा तर इतका रंगवायचो की आपण वीज मंडळातच जायला हवं होतं, असं मलाच वाटायचं.

निवृत्तीनंतर घरी कॉम्प्युटर, प्रिंटर आणि यूपीएस घेतला. गावातले लोक ऑनलाइन अर्ज भरून घ्यायला येऊ लागले. वर्षं गेली. मग यूपीएस बोंबलायला लागला. प्रिंट काढायला घेतली की 'कुंईऽऽ' असा अखंड सूर. मी निदान केलं: व्होल्टेज खराब. उपाय म्हणून त्यावर उशी ठेवली.

"ते गरम होतंय, हवा लागू द्या त्याला," बायको म्हणाली.

"विज्ञान मी शिकवलंय," मी म्हणालो.

एका दुपारी शेजारची बाई आली. नवराबायको दुसऱ्या दिवशी ऊसतोडीला निघणार होते, त्याआधी मुलीचा वसतिगृहाचा अर्ज भरायचा होता. निम्मा झाला आणि लाइट गेली. यूपीएस दहा सेकंद चालला आणि बंद. लाइट आली, पुन्हा पहिल्यापासून; पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ती हळूच म्हणाली, "गुरुजी, हातानं लिवून दिलं तं चालत न्हाई का?"

मी वीज मंडळाला शिव्या घातल्या. बायकोनं मात्र गावातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो माझाच विद्यार्थी. विज्ञानात मीच नापास केलेला.

त्यानं आधी उशी उचलली. मग मागची वायर बघून विचारलं, "सर, लेझर प्रिंटर यूपीएसवर कावून लावला? छापताना तापायला लई वीज खातो तो. एवढ्याशा यूपीएसला पेलत न्हाई, मनून वरडतो." त्यानं प्रिंटर भिंतीच्या बोर्डात लावला. एक प्रिंट काढली. आवाज नाही.

"आणि दहा सेकंदात बंद होतो ते?" मी जरा घाईनंच विचारलं.

"बॅटरी किती वर्षांची हाय?"

मी आठवू लागलो. "सहा," बायकोनं सांगितलं.

त्यानं यूपीएस उघडला. बॅटरी फुगलेली होती. मीटर लावला तर पुरते बारा व्होल्ट, म्हणजे बॅटरी ठणठणीत. मी विजयानं बघितलं. त्यानं कॉम्प्युटरचा भार टाकला आणि आकडा झरझर खाली आला.

"नुसते व्होल्ट बघून कळत न्हाई, सर. भार टाकल्यावर कळतं. तीन-चार वर्षांत बदलायची असती. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याच्याही आधी."

नवी बॅटरी बसवून, रात्रभर चार्ज होऊ द्या असं बजावून तो गेला. जुनी दुकानात परत द्यायला घेऊन गेला.

सकाळी बाई आली. ऊसतोडीचा ट्रक वेशीवर उभा होता. शेवटचं पान भरताना लाइट गेली. यूपीएस थांबत थांबत बीप करू लागला, आणि मी उठून पळणार, तोच बायको म्हणाली, "बसा. बॅटरीवर चालू असल्याचं सांगतोय तो."

बसलो. अर्ज गेला. प्रिंटर लाइटीशिवाय चालणार नव्हता, म्हणून अर्जाचा नंबर मी कागदावर लिहून दिला. अगदी हातानं. बाईनं तो पदराच्या गाठीत बांधला, मला नमस्कार केला. मग बायकोकडं वळून म्हणाली, "ताई, तुमच्यामुळं झालं बगा."