दशांसकट चादर

सोलापुरातल्या कारखानदारांचे कॅटलॉग मी बनवते. त्या दिवशी समोर एक मरून चादर होती, सोफ्यावर टाकायची, दोन्ही टोकांना क्रीम रंगाच्या दशा. पान कसं बसतंय एवढंच बघायचं होतं, म्हणून फोटोची पार्श्वभूमी एका क्लिकमध्ये उडवली. फोटो पांढऱ्या टेबलावरचा. दशा कुठल्या आणि टेबल कुठलं हे संगणकाला कळेना, त्याने दोन्ही उडवलं. पान कच्चं आहे असं बजावून मालकांना पाठवलं.

लगेच फोन आला. "ताई, बिनदशाचीच लई भारी दिसतीय की! नवीन माल असाच काढू. संध्याकाळी या, ठरवूनच टाकू."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. त्या दशांना पीळ घालून गाठी मारायचं काम माझी मावशी करते. काका गेल्यापासून तिची चूल त्यावरच पेटते.

मालकांशी वाद घालून उपयोग नव्हता, त्यांना डोळ्यांनीच पटतं. मी गॅलरीतल्या सावलीत काळं कापड अंथरलं, त्यावर चादर पसरली. शेजारच्या दारातून मावशी डोकावली.

"लई गुंतल्यात बघ. थांब, फणी आणते." आपल्याच केसांच्या फणीने ती दशा विंचरायला बसली. "काळं कशाला गं हितं?"

"उठून दिसाव्यात म्हणून."

"दिसू देत की." ती खूश झाली. मला मात्र तिच्याकडे बघवेना.

चादरीच्या सरळ कडा मी पेन टूलने बिंदू-बिंदू ठेवत कापल्या. दशा तशा कापल्या असत्या तर पत्र्याच्या दिसल्या असत्या. म्हणून जिथे दशा पांढऱ्याशुभ्र आणि कापड काळंकुट्ट दिसत होतं, तो चॅनल, म्हणजे फोटोतला एका रंगाचा थर, घेऊन त्यावरून दशा सोडून बाकीचं झाकणारा मास्क केला. दोऱ्यांना काळी किनार राहिली, ती घालवताना बारीक दोरेच तुटायला लागले. शिव्या घालत पुन्हा पहिल्यापासून केलं. पांढऱ्या पानावर क्रीम दशा विरघळल्या असत्या, म्हणून मागे फिकट राखाडी रंग दिला आणि खाली अंधुक सावली.

संध्याकाळी मालकांनी दोन्ही पानं शेजारी ठेवली. एका दशीवर त्यांनी बोट ठेवलं. चिमटीत येते का बघत असावेत.

"ही जिवंत वाटतीय," ते म्हणाले. "राहू द्या दशा. ह्या टायमाला."

घरी आले तर मावशी दारातच पीळ घालत बसली होती. "आवडल्या का गं त्यांना?"

"व्हय, लई आवडल्या."

आत जाऊन तो बिनदशाचा फोटो मी संगणकातून पुसून टाकला. मालकांच्या फोनमध्ये तो अजून आहे.