बेंबीवरून उजवीकडे

पुवाची मला किळस येते. यायची असं नाही, अजूनही येते. सर्जरीत इंटर्नशिप करणाऱ्या मुलीनं हे बोलायचं नसतं, पण काय करू, येते. पहिल्या आठवड्यात एका आजोबांचं गळू फोडताना मी ट्रे धरून उभी होते आणि मला अशी उबळ आली की ट्रे वाजला. तेव्हा मागून आमचे वॉर्डचे मामा हळूच म्हणाले, "मॅडम, नाकानं नका बघू. डोळ्यांनी बघा."

मामा म्हणजे वॉर्डातले सगळ्यांचे मामा. पंचेचाळीशीचे, विश्रांतवाडीला राहायचे, रोज स्कूटरवर यायचे. ट्रॉली ढकलणं, भांडी देणं, ऑपरेशनआधी पेशंटचे केस काढणं आणि सगळ्यात घाण काम म्हणजे सक्शनच्या बाटल्या रिकाम्या करणं. माणसाच्या पोटातून ओढलेलं जे काही असतं ते काचेच्या बाटलीत जमतं, आणि ती बाटली मामा एका हातात धरून, दुसऱ्या हातानं दार ढकलत, गाणं गुणगुणत न्यायचे. मी भिंतीला चिकटून श्वास रोखायचे. ते हसायचे.

आता सोमवारचं सांगते. राउंड संपला होता, मी कॉरिडॉरमधून पळत लॅबकडे चालले होते, तर मामांनी अडवलं.

"मॅडम, एक इंजेक्शन मारा ना गॅसचं."

"काय झालं?"

"पहाटेपासून पोटात कसंतरी होतंय. काल लग्नात मठ्ठा जास्त झाला." असं म्हणून त्यांनी शर्टावरूनच बेंबीभोवती तळहात गोल फिरवला. पूर्ण तळहात. पुसल्यासारखा.

"उलटी?"

"एक झाली. आधी दुखलं, मग झाली. चहासुद्धा नको वाटतोय."

आता हे वाचणाऱ्यांत कोणी डॉक्टर असेल तर तो आत्ताच डोक्यावर हात मारून घेईल. मी नाही मारला. मी हसले, म्हणाले, "मामा, फुकटचा मठ्ठा म्हणून प्यायचा का इतका?" आणि त्यांना ड्रेसिंग रूममध्ये नेऊन, उभ्या-उभ्याच, एक ॲसिडिटीचं आणि एक पोटातल्या कळेचं इंजेक्शन दिलं. झोपवलं नाही. पोटाला हात लावला नाही. केसपेपर काढला नाही. आमच्याकडे आपल्या माणसाचा केसपेपर काढत नाहीत. सिस्टरांचा घसा, मामांची कंबर, सिक्युरिटीवाल्या काकांची शुगर, सगळं चालता चालता बघायचं. केसपेपर काढा म्हटलं तर त्यांना अपमान वाटतो, आणि आपण लाडके आहोत म्हणून आपल्याला विचारलं याचा आपल्याला आनंद होतो. मला तर फार झाला. मामांनी चार इंटर्न सोडून मला विचारलं!

मंगळवारी मामा उजवीकडे थोडे वाकून चालत होते.

"काय मामा, गॅस गेला का?"

"तो गेला मॅडम. तुमच्या हाताला गुण आहे. आता हे वेगळंच निघालं." आणि त्यांनी एक बोट ठेवलं. उजवीकडे खाली, बेंबी आणि कमरेचं हाड यांच्या मधल्या रेषेवर, हाडाच्या जरा जवळ. "इथं. बरोब्बर इथं. काल ती जाड्या पेशंटची ट्रॉली एकट्यानं चढावर ढकलली ना, लचक भरली."

"मग स्कूटर कशाला आणली?"

"तेच तर. आळंदी रोडचा एकेक स्पीडब्रेकर म्हणजे जीव जातोय. पोटात कोणी सुरा खुपसतंय असं वाटतं."

मी परत हसले. पुण्यात स्पीडब्रेकरबद्दल कोण तक्रार करत नाही? मी सदाशिव पेठेतून येते तर माझीसुद्धा पाठ मोडते. मी त्यांना दुखण्याची गोळी दिली. एक दुखणं गेलं आणि दुसरं आलं, असं आम्ही दोघांनी धरून टाकलं. दोन दिवस, दोन जागा, दोन कारणं. मठ्ठा आणि ट्रॉली. इतकं व्यवस्थित जुळलं होतं सगळं!

बुधवारी सकाळी मामा उशिरा आले, चेहरा राखेसारखा. पण मी समोर गेले तर हसले.

"मॅडम, सुटलो! येताना मेलो होतो अक्षरशः. आता इथं येऊन कपडे बदलताना आत काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि एकदम हलकं. बोट ठेवून दाखवावं अशी जागाच नाही आता."

मला इतका आनंद झाला की आमचे रजिस्ट्रार सर, म्हणजे वॉर्डातले आमचे वरचे डॉक्टर, समोरून येत होते त्यांना मी आपणहून जाऊन सांगितलं. हो, आपणहून. "सर, मामांना मी बरं केलं!"

सर फाईल वाचत होते. "काय झालं होतं?"

"काही नाही सर, आधी बेंबीपाशी दुखत होतं, एक उलटी झाली, मग ते दुखणं उजवीकडे खाली..."

आणि मी थांबले. माझं वाक्य माझ्याच कानावर पडलं. हे वाक्य मी तोंडी परीक्षेत अपेंडिक्सच्या प्रश्नाला घडाघडा म्हणून दाखवलं होतं, ह्याच क्रमानं, आणि समोरच्या बाई खूश होऊन पुढच्या प्रश्नाकडे वळल्या होत्या.

सरांनी फाईल मिटली. "आणि आता?"

"आता... थांबलं सर. अचानक."

"वा. आपण पोट हातानं पाहिलंत की नुसतं ऐकलंत?" सर मला एरवी 'तू' म्हणतात. 'आपण' आलं की समजायचं.

मामांना त्यांच्याच वॉर्डच्या कॉटवर झोपवलं. ते लाजत होते, "अहो सर, राउंडची तयारी राहिलीय." खोकताना पोटात कळ येते का ते बघायला सर म्हणाले, "खोका." मामांनी अर्धा खोकला काढला आणि उरलेला गिळला. मी हात ठेवला. पहिल्यांदा, तिसऱ्या दिवशी. पोट मऊ नव्हतं. खाली सगळीकडे फळीसारखं झालं होतं. नाडी एकशेवीसच्या पुढे, अंग तापलेलं.

"आता कुठे दुखतंय?" सरांनी विचारलं.

मामांनी परत तळहात फिरवला. पण आता पूर्ण पोटावर. आणि मग ते माझ्याकडे बघत हळू म्हणाले, "फुटलं का मॅडम?" त्यांना कोणी काय सांगायचं! वीस वर्षं ते असेच पेशंट उचलतात, त्यांच्याच बाटल्या नेतात. "बारा नंबरच्या पोराचं काय झालं ते मी बघितलंय," एवढंच म्हणाले आणि छताकडे बघायला लागले. बारा नंबर कॉटवरचा मुलगा असंच पोट घेऊन उशिरा आला होता आणि वारला होता. मी कॉटचा गज घट्ट धरला.

सोनोग्राफीत पोटात मोकळं पाणी दिसलं. तासाभरात थिएटर.

मला सरांनी मुद्दाम समोर उभं केलं, मांस बाजूला धरायचे हुक हातात देऊन. पोटाच्या आतलं पातळ आवरण उघडलं आणि तो वास आला. शी. माझ्याकडे शब्द नाही. गटार म्हणावं तर गटाराचा अपमान. मास्कच्या आत मी ओकारी गिळली. हिरवट करडं पाणी उसळून वर आलं, सक्शन घरघरलं, बाटली भरायला लागली. मामांच्या आतलं, मामांच्या बाटलीत.

मग सरांनी अपेंडिक्स वर घेतलं. करंगळीएवढं असतं ते. हे फुगून अंगठ्यासारखं झालं होतं, टोकाकडे काळं पडलेलं, आणि काळ्यात एक भोक. कापून ट्रेमध्ये टाकताना त्यातून काहीतरी निसटलं, टक् असं वाजलं.

"उचल," सर म्हणाले. "बघ काय आहे."

चिंचोक्याएवढा खडा. वाळलेल्या शौचाचा. एवढाच! एवढ्याशा घाणीनं त्या नळीचं तोंड बुजलं होतं.

"सोमवारी काय चाललं होतं मग आत?" सर हात न थांबवता विचारत होते.

मला सगळं येत होतं, तेच तर किळसवाणं आहे. तोंड बुजलं तरी आतलं अस्तर चिकट पाणी सोडतच राहतं. बाहेर जायला वाट नाही, नळी फुगते, ताणली जाते. तो ताण कळवणाऱ्या नसा भोंगळ असतात, नेमकी जागा सांगत नाहीत. आणि त्या पाठीच्या कण्यात जिथे पोचतात तिथेच बेंबीच्या पट्ट्याच्या नसाही येतात, म्हणून मेंदूला वाटतं बेंबीपाशी दुखतंय. म्हणून तळहात. मग अडकलेल्या नळीत जंतू वाढतात, सूज आतून बाहेर भिंतीपर्यंत येते आणि पोटाच्या आवरणाला टेकते. त्या आवरणाच्या नसा अंगावरच्या कातडीसारख्या, नेमक्या. तिथे बोट ठेवता येतं. तिथे गाडी आदळली की सुरा लागतो. दुखणं दुसरं नव्हतंच. तेच होतं, फक्त आता खरा पत्ता सांगत होतं.

"आणि आज सकाळी?"

"दाब इतका वाढला की भिंतीला रक्त पुरेना. ती मेली, फाटली. दाब सुटला, म्हणून हलकं वाटलं."

"आणि तू मला खूशखबर दिलीस," सर म्हणाले. मग सलाईन ओतून पोट धुतलं, पुन्हा, पुन्हा, वास थोडा कमी होईपर्यंत. उरलेली घाण बाहेर यायला पोटात एक नळी ठेवून बंद केलं.

सगळे बाहेर गेल्यावर बाटली तिथेच राहिली. रोज नेणारे मामा न्यायला नव्हते. सिस्टर म्हणाल्या, "ठेवा, दुपारच्या पाळीचे नेतील." मी हातमोजे घातले आणि उचलली. ती जड असते हे मला माहीत नव्हतं. गरम पण होती, शी, अजून कोमट. घाण धुवायच्या खोलीत जंतुनाशक ओतून अर्धा तास तिच्याशेजारी उभी राहिले, मग मोरीत सोडली, मग ब्रशनं घासली. नाकानं बघितलं सगळं. डोळ्यांनी बघायला जमलंच नाही, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

पुढचे दोन दिवस ताप उतरत नव्हता. मी ड्यूटी नसतानाही येऊन तापाचा तक्ता बघायचे. केसपेपरवर सोमवार आणि मंगळवारची इंजेक्शनं, गोळी, सगळं माझ्या हातानं लिहिलं, खाली सही केली. सरांनी वाचलं, पान उलटलं.

चौथ्या दिवशी ताप गेला, पोट रिकामं ठेवायला नाकातून घातलेली नळी निघाली, मामांना घोटभर पाणी मिळालं. त्यांचा पहिला प्रश्न: "बाटली कोणी धुतली?"

"मी."

"खरं? नाकानं का डोळ्यांनी?"

"नाकानंच मामा. तुमचा वास फार वाईट आहे."

ते हसले आणि लगेच टाके धरून कळवळले. मग मी खुर्ची ओढून सांगितलं, की सोमवारी तुम्हाला मी झोपवून बघायला हवं होतं, चूक माझी. "मी पण उभ्यानं मागितलं ना," ते म्हणाले. आणि मग, "पण तुम्ही डॉक्टर. मी नाही." दोन्ही खरं होतं. दुसरं जास्त.

आता रोज सकाळी मी त्यांचं पोट तपासते. सरांनी बघितलेलं असलं तरी. गार हात आधी चोळून गरम करते, चारही कोपरे, हळू, चेहऱ्याकडे बघत. आज ते वैतागले.

"मॅडम, सोमवारी एकदा दाबलं असतं तर आत्ता एवढं दाबायला लागलं नसतं."

"खोका," मी म्हणाले.