पगाराच्या शंभरातले पंचावन्न

महाडला पगारदार नोकरांच्या एका पतसंस्थेत मी कर्जविभागात बसतो. आमचे बहुतेक सभासद शिक्षक. माझं काम साधं आहे. अर्ज घ्यायचा, पगारपत्रक बघायचं, सध्या चालू असलेले सगळे हप्ते आणि नव्या कर्जाचा हप्ता यांची बेरीज करायची, तिला एकूण पगाराने भागायचं आणि शंभराने गुणायचं. पन्नासच्या आत आलं तर अर्ज पुढे जातो, वर गेलं तर परत. अठरा वर्षं मी हा भागाकार करतोय. आता कॅल्क्युलेटरही लागत नाही, पगारपत्रक पाहिलं की आकडा अंदाजाने तोंडात येतो.

पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका गावातल्या शाळेत शिकवणाऱ्या बाई एक दिवस अर्ज घेऊन आल्या. घरामागची दरड दरवर्षी थोडी थोडी खाली येत होती, तिला दगडी भिंत घालायची होती. त्यासाठी दोन लाख हवे होते. पगार बासष्ट हजार. अर्ज त्यांनी स्वच्छ अक्षरात भरला होता. चालू कर्जांच्या रकान्यात शेवटी लिहिलं होतं : 'चुलत दिराकडून हातउसने, दरमहा तीन हजार परतफेड.'

मी बेरीज केली. नवा हप्ता धरून तेहतीस हजार. त्रेपन्न टक्के झाले. बसत नव्हतं. पण ते तीन हजार काढले तर तीस हजार होत होते, म्हणजे अठ्ठेचाळीस. सहज बसलं असतं.

मी आवाज खाली आणून म्हणालो, "बाई, ही शेवटची, दिराकडची रक्कम लिहायची गरज नव्हती. ती कुठल्याच कागदावर येत नाही. नवीन फॉर्म देतो, तेवढी ओळ सोडा."

त्या म्हणाल्या, "ओळ सोडली तर माझ्या पगारातून ते तीन हजार जायचे थांबतील का, भाऊ?"

"तसं नाही, पण कर्ज मिळेल."

"मिळेल. मग दर महिन्याच्या वीस तारखेला, पगार संपल्यावर, मी काय करू?"

त्यांनी अर्ज घडी करून पर्समध्ये ठेवला. उठता उठता, अगदी सहज, खोचकपणा नसलेल्या आवाजात विचारलं, "तुम्ही रोज सगळ्यांचं काढता. तुमचं स्वतःचं किती आहे?"

"एकतीस," मी म्हणालो.

"छान आहे," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

एकतीस हा आकडा मी खोटा सांगितला नव्हता. माझ्या डोक्यात तो कित्येक वर्षं तसाच होता. हातात पगार येतो पस्तीस हजार शंभर, त्यातला घराचा हप्ता अकरा हजार, म्हणजे एकतीस टक्के. बचतीचंही असंच ठरलेलं उत्तर होतं. भविष्यनिर्वाह निधी, विमा, माझं आवर्ती खातं, बायकोची भिशी, सगळं मिळून पगाराच्या तेवीस टक्के. कोणी विषय काढला की मी हे दोन आकडे सांगायचो आणि ऐकणारा मान डोलवायचा.

त्या आठवड्यात मी एक जुनी मोटारगाडी बघून ठेवली होती. मोटारसायकलवरून पोलादपूर-महाड रोजचं जाणं-येणं, पावसाळ्यात हायवेवर ट्रकच्या चाकांचा चिखल अंगावर, आणि चाळिशी उलटलेली. गाडीवाल्याला पाच हजार बयाणा दिला होता. त्याच्याच दुकानात फायनान्सचा माणूस बसायचा. त्याने माझं पगारपत्रक बघून हप्ता काढून दिला होता, सात हजार दोनशे. कागद जवळजवळ तयार होते.

रविवारी सकाळी चहा झाल्यावर मी कोरी वही घेऊन बसलो. बायको शेजारी ब्लाऊजला हुक लावत होती. ती घरीच शिलाई करते. मी तिला बाईंची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "मग काढा की आपलं. त्यात काय येवढं?"

मी लिहिलं : घर, अकरा हजार.

"आनि तुमच्या संस्थेचं?"

संस्थेचं माझं कर्ज पगारातूनच कापलं जातं, साडेसहा हजार. ते माझ्या हातात कधी येतच नाही, म्हणून मी ते हप्ता समजतच नव्हतो. आणि भागत मात्र होतो कापून उरलेल्या पगाराने. दुसऱ्या कुणी अर्जात असं केलं असतं तर मी लाल शाईने गोल केला असता. खालच्या ओळीत साडेसहा लिहिले. एकूण पगार लिहिला, शेहेचाळीस हजार.

मग मोटारसायकल, दोन हजार नऊशे. फ्रीज आणि मोबाईल, अठराशे पन्नास. मी वही मिटायला लागलो तेव्हा ती म्हणाली, "सोनं ऱ्हायलं."

तिचे दागिने नव्वद हजारांना गहाण होते, मागच्या वर्षी माझ्या वडिलांच्या ऑपरेशनला. त्याला हप्ता नव्हता, वर्षाअखेर व्याज भरून परत तारीख वाढवायची. दहा हजार आठशे व्याज, म्हणजे महिन्याला नऊशे.

"आनि माझ्या भावाचे?"

"तो काही मागत नाही गं."

"मागत नाय म्हनून घेतले नायत का?"

मेव्हण्याचे एक लाख होते. आठवेल तसे दोन-दोन हजार द्यायचो. ते लिहिले. बेरीज आली पंचवीस हजार एकशे पन्नास.

माझ्या पगाराने भागलं. चोपन्न पूर्णांक सात. आमच्या ऑफिसच्या हिशोबाने माझा अर्ज त्या बाईंच्याही आधी परत गेला असता, आणि त्यांच्या त्रेपन्नात भिंतीचा हप्ता धरलेला होता, माझ्यात गाडीचा नव्हता.

बायकोने विचारलं, "माझी शिलाई नाय धरली?"

तिची कमाई सारखी नसते. लग्नसराईत आणि गणपतीच्या आधी नऊ-नऊ हजार, भातलावणीच्या दिवसांत दोनसुद्धा मुश्किलीने. मी चांगल्या महिन्याचे नऊ लिहिणार होतो, तिने हात धरला. तिच्या मापांच्या वहीतून आम्ही बारा महिन्यांची बेरीज केली. साठ हजार. महिन्याला पाच. आता घराचं उत्पन्न एक्कावन्न हजार आणि कर्जाचा वाटा एकोणपन्नास टक्के. गाडीचा हप्ता मिळवला तर त्रेसष्ट.

बचत राहिली होती. निधीचे चार हजार दोनशे, विम्याच्या पॉलिसीचे दीड हजार, आवर्ती खात्याचे तीन आणि भिशीचे दोन. तिने विचारलं, "गेल्या साली तुमचं ते खातं पिकलं, त्या छत्तीस हजारांचं काय झालं?"

मला आठवावं लागलं. मुलीची फी, आजारपणाच्या विम्याचा हप्ता, गणपती. दरवर्षी असंच होतं. वर्षभर साठवायचं आणि वर्षाच्या खर्चाला काढायचं. ते खर्चाचेच पैसे होते, फक्त थोडे दिवस बँकेत राहिलेले. मी ते खोडले. मग भिशीवर बोट ठेवलं.

"ते नाय खोडायचं," ती म्हणाली. "भिशीतून मशीनची मोटर घेतली. ती हाय ना घरात."

"मोटर आहे, पैसे नाहीत. उद्या दवाखान्यात मोटर चालेल का?"

ती जरा रागावली. मग स्वतःच म्हणाली, "खोडा. पन बाजूला लिवा, मोटर घेतली म्हनून." तसं लिहिलं.

उरले पाच हजार सातशे. एक्कावन्न हजारांचे अकरा टक्के. त्यातला निधी मी निवृत्त होईपर्यंत जवळपास कुलूपबंद, पॉलिसी पिकायला नऊ वर्षं. लगेच हाताला येतील असे बँकेत चौदा हजार होते. आमचा हप्ते सोडून घरखर्चच महिन्याला वीस हजार होता.

मला लाज वाटली, पण लाजेपेक्षा जास्त आश्चर्य वाटलं. एकही हप्ता आम्ही कधी चुकवला नव्हता. त्यामुळे सगळं ठीक आहे असंच दोघं धरून चाललो होतो.

सोमवारी मी गाडीवाल्याकडे जाऊन नको म्हणालो. तो चिडला, दुसरं गिऱ्हाईक परत पाठवलं म्हणाला. शेवटी पाचातले तीन हजार परत दिले. फायनान्सवाल्याने विचारलं, "साहेब, हप्ता जास्त वाटतोय का? दोन वर्षं वाढवून देतो, कमी होईल." मी म्हणालो, हप्ता कमी होईल, कर्ज नाही.

सोन्याचा निर्णय बायकोने घेतला. गहाण दागिन्यांतली जाड साखळी विकायची आणि तिच्यावर बाकीचे सोडवायचे. सराफाला बँकेत नेऊन तिथेच व्यवहार केला. एसटी स्टँडवर उसाचा रस घेताना म्हणाली, "आपलंच सोनं, आनि त्याचं भाडं आपनच भरत व्हतो." साखळी तिच्या आईने लग्नात घातलेली होती.

फ्रीज-मोबाईलचं तीन महिन्यांत संपलं, मोटारसायकलचं पुढच्या दिवाळीच्या आधी. त्या हप्त्यांचे पैसे वेगळ्या खात्यात टाकायचे असं ठरलं होतं, पण सगळे काही टिकले नाहीत. मुलगी नर्सिंगला लागली, तिच्या होस्टेलला भाग गेला. तरी तीन हजार टिकले. सव्वा वर्षाने पुन्हा वही उघडली तेव्हा कर्जाचा वाटा अडतीस होता आणि बचत सतरा. चिखल अजून अंगावर उडतो.

त्या बाई पहिल्या अर्जानंतर सात महिन्यांनी परत आल्या होत्या. दिराचे पैसे फिटले होते. तोच अर्ज, तेवढी ओळ नसलेला, आणि या वेळी ते देणं खरंच नव्हतं. अठ्ठेचाळीसवर मंजूर झाला. पावसाआधी भिंत अर्धी झाली आणि उरलेली नंतर.

माझ्या कामात एवढाच फरक पडला की अर्ज घेतल्यावर मी विचारतो, "आणखी काही?" आणि कागदाकडे न बघता थांबतो. बरेच जण लगेच नाही म्हणतात. काही थोडे थांबतात. परवा सरकारी दवाखान्यातली एक परिचारिका आली होती, नवऱ्याच्या दुकानासाठी तीन लाख मागायला. मी विचारलं तेव्हा तिने पेन उचललं, टोपण लावलं आणि म्हणाली, "सर, फॉर्म घरी नेते. त्यालाही विचारावं लागेल."

मी म्हणालो, "न्या. घाई नाही."

पुढच्या माणसाचा अर्ज घेतला.