मागून चढायची दमणी

आमच्या कारभाऱ्यांनी आयुष्यभर शेतकऱ्यांच्या गाड्या बांधल्या. खत, कडबा, ज्वारीची पोती वाहणाऱ्या. त्यामुळं निजामाच्या राज्यात, जळकोटच्या अलीकडच्या आमच्या गावात, जहागीरदारसाहेबांनी भर चावडीत चार लोकांपुढं ‘सुतार, दमणी बांधा, आपण घेतली’ म्हटलं, तेव्हा आमचे हे घरी चालत आले नाहीत. तरंगत आले. दमणी म्हणजे वर छत, बाजूला पडदे, बसायला गादी. मोठ्या घरच्या बायकांची गाडी.

बाभळीचं जुनं, मुरलेलं लाकूड बाहेर निघालं. चाकांना लोखंडी धाव बसली. छताच्या कमानी वाकवताना दोन मोडल्या, तेवढ्या वेळा माझ्या माहेराचा उद्धार झाला. दमणी तयार झाली आणि जहागीरदारसाहेब गप्प झाले.

गप्प म्हणजे अगदी गप्प. निरोप नाही, माणूस नाही, ‘हो’ नाही, ‘नाही’ही नाही. हे वाड्यावर गेले की देवडीवरचा नोकर सांगे, साहेब नमाजला गेलेत. ही कसली नमाजची वेळ, असं ह्यांनी विचारलं, तर म्हणाला, ‘मग न्हात असतील.’ एकदा आठवडी बाजारात साहेब समोरून आले. ह्यांना बघितलं आणि पटकन मिरच्यांच्या ढिगामागं बसले. एवढा दांडगा माणूस, वर तुरा काढलेला फेटा, आणि ढीग गुडघ्याएवढा. वरून मिरच्यांचा खकाणा. साहेबांना अशा शिंका लागल्या की मिरचीवालीनं पाणी आणलं. आमचे हे भिडस्त. त्यांनी आभाळाकडं बघत बाजार पार केला.

मग ह्यांनी आपलं डोकं चालवलं. साहेबांना दमणी साधी वाटली असणार, म्हणून घुंगरं वाढवली. तरी निरोप नाही, म्हणून छतावर हिरवे पोपट रंगवले. मग आरसा लावला. शेवटी अशी गत झाली की कोंबडी जरी दमणीवर बसली तरी लग्नाची वरात निघाल्यासारखा आवाज होई आणि शेजारची म्हातारी दारात येऊन बघे.

हसू येत होतं, पण ते फार टिकत नव्हतं. जळकोटचा एक आडत्या रोज खेटे घालत होता. त्याला गाडी हवी होती, दमणी नको होती. ‘वरचं छत कापा, कमानी काढा, म्या पोती भरतो,’ म्हणायचा. साहेबांनी नाही म्हटल्याशिवाय दुसऱ्याला देणं म्हणजे शब्द मोडणं, आणि साहेब तर तोंडच उघडत नव्हते. अंगण अडलेलं, लाकूड संपलेलं. येत्या बाजारापर्यंत काही कळलं नाही तर करवत लावतो, असं हे बोलून गेले आणि जेवले नाहीत. मला त्या आडत्याचा नाही, साहेबांचा राग आला. एवढ्या मोठ्या माणसाला एक ‘नको’ जड होतं?

मी ठरवलं, आपणच जायचं. पण ‘कधी नेता?’ हे विचारायचं नाही. ते विचारून विचारूनच तर माणूस मिरच्यात शिरला होता. आणि देवडीवर जायचंच नाही. मी बाईमाणूस, मला मागच्या दारानं जनान्यात जाता येत होतं. पडद्याचं माप घ्यायला आले, म्हणून सांगितलं.

साहेबांची बीबी हसली आणि आपल्या सासूकडं बघायला लागली. सासू म्हणजे साहेबांची अम्मा. दिवाणावर मांडी घालून बसल्या होत्या. दिवाण त्यांना पुरत नव्हता. त्या कडाडल्या, “पडदा कशाला? गाडीच नको मला!”

“का वो अम्मा?”

बीबीनं पदर तोंडात कोंबला. अम्मांनीच सांगितलं. भाच्याच्या शादीत त्या दमणीत मागून चढल्या आणि दमणी उलाळली. पुढची बाजू आभाळात, मागची जमिनीला, बैलांच्या माना वर, आणि अम्मा गादीसकट घसरत सगळ्या बारातीपुढं. “त्या दिसापासनं कसम घेतली. गाडीला पाय लावणार न्हाय. पोरगा चावडीत हो बोलून आला, तवा मला पुसलं का? दमणी माझ्यासाठी, आन् मला पत्ताच न्हाय!”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दोन चाकांची गाडी, मागं भार पडला की उलाळणारच. साहेब बिचारे सुताराला काय सांगणार? ‘माझी आई चढली की गाडी उभी राहते’ हे कुठल्या लेकाच्या तोंडून निघेल? आणि चावडीत दिलेला शब्द परत घ्यायलाही तोंड नाही.

मी म्हटलं, “अम्मा, नको असंल तर सरळ नको म्हना. आमाला राग न्हाय. जळकोटचा आडत्या दारात हुबाच हाय. पर एकदा चढून बघा. आमच्या अंगणात, गडीमाणूस कुणी न्हाय. मग काय ते म्हना.”

“उलाळली तर?”

“तर म्या खाली झोपते, माझ्या अंगावर पडा.”

अम्मा इतक्या हसल्या की दिवाण कुरकुरला.

घरी येऊन ह्यांना एवढंच सांगितलं की मागं टेकू हवा आणि पायरी खाली हवी. “दमणीला टेकू? लोक हसत्याल!” म्हणून हे उखडले. तरी केला. भार बघायला मी, शेजारची म्हातारी आणि ज्वारीचं पोतं मागं बसलो. पहिला टेकू बारीक होता. तो सटकला, आणि शेजारची म्हातारी शेणाच्या पाटीत जाऊन बसली. घुंगरं मात्र छान वाजली. दुसरा टेकू जाडजूड बाभळीचा केला, जमिनीत खड्डा करून रोवला.

दुपारी गल्ली निवांत झाल्यावर अम्मा बुरख्यात आल्या, मागं बीबी. ह्यांना मी गोठ्यात पाठवलं होतं. अम्मांनी खालच्या पायरीवर एक पाय ठेवला, बिस्मिल्ला म्हटलं, दुसरा ठेवला. मी डोळे मिटले. काही हललं नाही. त्या आत बसल्या, मुद्दाम तीनदा उसळून बघितलं, मग बीबीलाही वर ओढलं. आणि उतरायलाच तयार होईनात.

“माझ्या पोराला बोलवा.”

साहेब आले ते खाली मान घालून. गोठ्यातून आमचे हे बाहेर आले. दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि दोघेही पोपटांकडं बघायला लागले. मी तात्पुरत्या बांधलेल्या लुगड्याच्या पडद्यामागून आवाज आला, “तू हो म्हनला होतास. आता मी हो म्हनते. बैल जुंप.”

“अत्ताच, अम्मा? कुठं?”

“माझ्या भैनीकडं.”

साहेबांचं मावशीशी कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. साहेबांनी फेटा सारखा केला आणि बैल आणायला गडी पाठवला.

बैल जुंपले. ह्यांनी टेकू काढायला हात लावला आणि तसेच मूर्तीसारखे उभे राहिले. त्यांची दमणी दमणी म्हणूनच चालली होती. त्यांचे डोळे भरले होते, माझेही.

पडदा बाजूला झाला. अम्मांनी मला विचारलं, “तुला कुठं जायचंय गं?”

आमच्या अंगणातून आजवर किती गाड्या गेल्या, पण हे मला कुणी विचारलं नव्हतं. माझं माहेर अणदूर. लग्नापासून मी तिथं चालत जात होते.

“अणदूर,” मी म्हटलं.

“वाटंतच हाय. चढ.”

मी ह्यांच्याकडं बघितलं नाही. मागून चढले.